खिडकीकडे ताणलेला कॅक्टस: काय सुधारतं आणि काय नाही

खिडकीतल्या कॅक्टसचा शेंडा बारीक झाला, रंग पिवळट हिरवा पडला आणि झाड काचेच्या दिशेने कललं, की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, हे पुन्हा जाड होईल का? उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. ताणलेला भाग पुन्हा आखूड आणि जाड होत नाही. रंग बराचसा परत येतो, पुढची वाढ व्यवस्थित होऊ शकते, आणि झाड कापून नव्याने उभंही करता येतं. पण जो बारीक तुकडा एकदा तयार झाला, तो तसाच राहतो.

याचं कारण कॅक्टसच्या वाढण्याच्या पद्धतीत आहे. त्याची उंची वाढते ती फक्त शेंड्यावर. अगदी टोकाला जो खोलगट, लोकरीसारखा भाग दिसतो तिथे नव्या पेशी तयार होतात आणि त्या तिथेच लांबीरुंदीला बसतात. त्या दिवसांत उजेड भरपूर असेल तर पेशी आखूड, ठासून भरलेल्या होतात. उजेड कमी असेल तर झाड सगळी ताकद लांबी वाढवण्यात घालतं, कारण कुठेतरी वर प्रकाश मिळेल या हिशेबाने वनस्पती वागत असतात. हरितद्रव्यही कमी बनतं, म्हणून फिका रंग. पुढे उजेड मिळाला तरी आधीच ताणून बसलेल्या पेशी मागे सरकत नाहीत. पाणी पिऊन खोड थोडं फुगतं एवढंच.

आधी खात्री करून घ्या

फिका किंवा बारीक दिसणारा प्रत्येक कॅक्टस ताणलेला नसतो. सगळ्यात भरवशाची खूण काट्यांत सापडते. कॅक्टसचे काटे एका छोट्या मऊ गादीतून फुटतात. त्याला अरिओल म्हणतात. खालच्या जुन्या भागावर दोन अरिओलमधलं अंतर पाहा आणि मग शेंड्याजवळचं पाहा. खाली ते एक सेंटीमीटर आणि वर दोन-अडीच असेल, वरचे काटे आखूड, विरळ, बोटाला न टोचणारे असतील आणि खोडाची जाडीही कमी होत गेली असेल, तर झाड ताणलंय यात शंका नाही. नुसता शेंडा जरा फिका असणं हे मात्र चांगल्या वाढीचंही लक्षण असतं. नवा कोंब नेहमीच जुन्यापेक्षा पोपटी दिसतो. जाडी आणि काटे नीट असतील तर काळजीचं काही नाही.

तहानलेलं झाडही बारीक होतं, पण त्याच्या अंगावर सुरकुत्या पडतात आणि उभ्या धारा एकमेकींजवळ येतात. पाणी दिल्यावर काही दिवसांत ते भरतं. ताणलेला भाग गुळगुळीत आणि मऊसर असतो. पाण्याने त्यात काही फरक पडत नाही.

शिवाय काही कॅक्टस मुळातच लांब आणि बारीक असतात. झाडांच्या फांद्यांवर वाढणारे रिप्सॅलिस किंवा एपिफायलम (नर्सरीत सरसकट ‘ब्रह्मकमळ’ म्हणून विकलं जाणारं) त्यांच्या स्वभावाप्रमाणेच वाढत असतात. त्यांना जाड करायला जाऊ नका. आणि तुमचं झाड कॅक्टसच आहे ना, हेही बघा. टाचणीने किंचित टोचल्यावर पांढरा चीक आला तर ते बहुधा शेराच्या कुळातलं, म्हणजे युफोर्बिया आहे, कारण काही मॅमिलारिया सोडले तर कॅक्टसला असा चीक नसतो. उपाय जवळजवळ तेच, पण तो चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना फार त्रास देतो. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

आपल्याकडे हे कधी घडतं

इंग्रजी पुस्तकांत आणि व्हिडिओंत कॅक्टस ताणण्याचा मोसम हिवाळा सांगितलेला असतो. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांसाठी ते खरं आहे. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान आणि घर हीटरने गरम. महाराष्ट्रात आणि गोव्यात मात्र हिशेब उलटा आहे. इथे झाडं ताणतात ती मे ते सप्टेंबरमध्ये, आणि त्यातही सगळ्यात जास्त दक्षिणेच्या खिडकीत, जी सगळे जण ‘भरपूर उन्हाची’ म्हणून निवडतात.

सूर्य कुठून जातो ते पाहिलं की हे उलगडतं. डिसेंबरमध्ये पुण्यात दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. ऊन तिरपं येतं, स्लॅबच्या खालून खिडकीच्या कट्ट्यावर पोचतं. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत त्या काळात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. वर जून लागला की ढग. पुन्हा हवा उबदार, दमट, आणि आपणही सवयीने दर आठवड्याला पाणी घालत राहतो. ऊब आहे, पाणी आहे, फक्त उजेड नाही. कॅक्टस ताणण्यासाठी एवढं पुरतं.

यातली ऊब आपल्या हातात नसते, उजेड थोडाफार असतो आणि पाणी पूर्णपणे असतं. त्यामुळे जिथे उजेड वाढवता येत नाही तिथे पाणी तोडणं हा अर्धा उपाय आहे. कोरडं ठेवलेलं झाड वाढायचं थांबतं, आणि जे वाढतच नाही ते ताणतही नाही.

डोळ्यांवर विसंबून उजेडाचा अंदाज घेऊ नका. आपले डोळे अंधाराशी इतक्या सहज जुळवून घेतात की खोली ‘छान उजेडाची’ वाटते आणि झाड तिथे उपाशी असतं. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर दहा-वीस हजार, आणि रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोनशे-तीनशे. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट ॲप मिळतात. ती फार अचूक नसतात, पण काचेला लागून एकदा आणि चार फूट आत टीपॉयवर एकदा मोजून पाहा. आकडा किती झपकन कोसळतो ते दिसेल. ॲप नको असेल तर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर जागा चालेल. नुसता धूसर डाग पडला तर ती जागा कॅक्टसची नाही, मनीप्लांटची आहे.

पहिली पायरी उजेडाची, कात्रीची नाही

ताणलेला कॅक्टस दिसला की लोक लगेच सुरी घेतात. तसं करू नका. जागा न बदलता कापलं तर नवे कोंबही तसेच बारीक येतील, आणि तेही दुबळ्या बुंध्यातून.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे पूर्वेची बाल्कनी किंवा ग्रीलच्या बाहेरचा कट्टा, जिथे सकाळचं तीन-चार तास थेट ऊन मिळतं आणि वरून पावसाचं पाणी पडत नाही. पश्चिमेची खिडकीही वर्षभर ऊन देते, फक्त एप्रिल-मेमधलं तिथलं दुपारचं ऊन फार कडक असतं, त्या दोन महिन्यांत मध्ये पातळ पडदा हवा. गच्ची असेल तर 50 टक्के सावलीचं हिरवं शेडनेट लावून त्याखाली ठेवा.

ताणलेलं झाड एकदम उन्हात नेलं तर ते भाजतं, आणि ही चूक ताणण्यापेक्षा महागात पडते. फिकट भागाची साल पातळ असते. एप्रिलमध्ये गच्चीवर एका दुपारीही काम होऊन जातं. उन्हाच्या बाजूला आधी पांढरट आणि मग गवताच्या रंगाचा, कागदासारखा कोरडा डाग पडतो, आणि तो कायमचा. म्हणून पहिला आठवडा फक्त सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन द्या, दुसऱ्या आठवड्यात अकरापर्यंत, तिसऱ्यात जिथे कायम ठेवायचं तिथे न्या. अंगावर हलकी लालसर किंवा जांभळट झाक आली तर घाबरू नका, ते झाडाचं स्वतःचं संरक्षण आहे. पांढरट डाग दिसायला लागला मात्र त्याच दिवशी मागे घ्या.

बाल्कनीच नसेल, समोर दुसरी इमारत असेल, तर पांढऱ्या एलईडीचा दिवा हा खरा पर्याय आहे. 15-20 वॅटचा दिवा शेंड्यापासून 20-30 सेंटीमीटरवर, रोज 12 ते 14 तास. छतावरची ट्यूब याची जागा घेऊ शकत नाही, कारण प्रकाश अंतराबरोबर फार वेगाने कमी होतो. जांभळ्या उजेडाचे दिवे घ्यायची गरज नाही. पांढरे चालतात आणि त्यांच्या उजेडात झाडाचा खरा रंगही कळतो.

तीन ‘उपाय’ नेहमी सुचवले जातात, त्यांचं काय होतं तेही सांगतो. कुंडी दर आठवड्याला फिरवली तर झाड सरळ वाढतं, पण बारीकच वाढतं. कलणं गेलं म्हणजे उजेड पुरेसा झाला असं नाही. बांबूची काठी बांधली तर झाड पडत नाही, एवढंच. आणि पिवळट रंग बघून खत घालणं हे सरळ नुकसान. नत्र मिळालं की ती अंधारातली वाढ आणखी जोरात होते.

नव्या जागी महिना-दोन महिने गेले की शेंड्याकडे पाहा. रंग गडद होत जाईल, नवे काटे दाट आणि राठ येतील, टोक पुन्हा रुंद व्हायला लागेल. हे दिसल्यावरच कापायचं की नाही याचा विचार करा.

कापायचं की ठेवायचं

इथे झाडाचा प्रकार सगळं ठरवतो. खांबासारखे उभे वाढणारे, म्हणजे सेरियस आणि त्याचे भाऊबंद, कापणं उत्तम सोसतात. फड्या निवडुंगाच्या जातीचे, नर्सरीत ‘बनी इअर’ नावाने मिळणारे, त्याहून सोपे: ताणलेली पानासारखी फडी जिथे जोडली आहे त्या सांध्यावर अलगद पिळून काढायची, झालं काम. त्या झाडाचे केसासारखे बारीक काटे मात्र चिमट्यानेच हाताळा. बोटात गेले तर दोन दिवस निघत नाहीत.

गोल कॅक्टसचं तसं नाही. मॅमिलारिया ताणला की वर निमुळता होतो. त्याला चांगल्या उजेडात ठेवलं तर वरून पुन्हा रुंद होतो आणि पुढे दोन-तीन वर्षांत खालचा विचित्र भाग पिल्लांमागे झाकला जातो. अशाला कापण्यापेक्षा त्याची पिल्लंच काढून वेगळी लावणं शहाणपणाचं. पिवळ्या काट्यांचा मोठा गोल ‘गोल्डन बॅरल’ तर कापूच नका. तो फार हळू वाढतो आणि शेंडा गेल्याशिवाय सहसा पिल्लं देत नाही. त्याच्या डोक्यावर ताणल्यामुळे उंचवटा आला असेल तर तो सोबत घेऊनच जगेल. लाल किंवा पिवळ्या टोपीचा रंगीत कॅक्टस म्हणजे दोन झाडांचं कलम असतं. वरच्या टोपीत हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, ती खालच्या हिरव्या खुंटावर जगते. हा खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा असतो. टोपी खुंटापासून कापून वेगळी केली तर ती मरेल, म्हणून तिथे फक्त उजेड सुधारायचा.

खांबासारख्या झाडातही थोडासाच निमुळतेपणा असेल आणि झाड वीतभरच असेल तर मी ते सोडून देईन. कापायची वेळ येते ती खोडाला कंबर पडली की. म्हणजे खाली जाड, मध्ये बारीक, वर उजेड मिळाल्यामुळे पुन्हा जाड. तो वरचा भाग दर महिन्याला जड होत जातो आणि सगळा भार त्या बारीक मानेवर येतो. एका वादळी संध्याकाळी तिथूनच मोडतं, आणि नेमकं पावसाच्या तोंडावर, जेव्हा जखम सुकत नाही.

एक उदाहरण, कंबर पडलेल्या सेरियसचं

माझ्या मावसबहिणीने ऑक्टोबरमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नर्सरीतून सेरियस आणला, 20 सेंटीमीटर उंच, सहा सेंटीमीटर जाड. दक्षिणेच्या खिडकीत ठेवला. एप्रिलपर्यंत तो तसाच टुमटुमीत होता, पण जून ते सप्टेंबरमध्ये त्याने 11 सेंटीमीटरचा बारीक, पिवळट शेंडा काढला, जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीचा. दसऱ्याच्या सुमारास तिने कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत हलवली. पुढच्या मार्चपर्यंत त्या बारीक मानेवर आठ सेंटीमीटरची नवी वाढ आली, पाच सेंटीमीटर जाड, काळसर राठ काट्यांची. वरून बघितलं तर झाड ठणठणीत, बाजूने बघितलं तर डोलणारं. मार्च हा कापायला फार योग्य महिना. हवा कोरडी, ऊबदार, आणि पावसाला तीन महिने अवकाश. दुसरा चांगला काळ पाऊस गेल्यावरचा, ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर सुरी लावायचीच नाही. कोकणात आणि गोव्यात, जिथे हवा एरवीही दमट, तिथे जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरे.

कापायच्या आधी दहा दिवस पाणी बंद ठेवलं. भरलेल्या खोडापेक्षा थोडं सुकलेलं खोड लवकर खपली धरतं. दातेरी नसलेली, पातळ पात्याची धारदार सुरी घेऊन ती स्पिरिटने पुसली. वर्तमानपत्राच्या चार पदरी घडीची पट्टी करून ती वरच्या भागाभोवती गुंडाळली, म्हणजे काटे न लागता धरता येतं.

पहिला काप खाली घ्यायचा, जिथे जुनं जाड खोड निमुळतं व्हायला सुरुवात होते त्याच्या अगदी थोडं खाली. एका दमात, करवतीसारखं मागेपुढे न करता. काप किंचित तिरपा हवा, म्हणजे पुढे कधी पाणी पडलं तर साचणार नाही. दुसरा काप वर, जिथे नवी वाढ पूर्ण रुंद झालीय तिथे. हा मात्र आडवा, सपाट. मधली 11 सेंटीमीटरची मान निघाली.

आता कापलेला भाग नीट पाहा. आत फिकट हिरवा, ओलसर गर असतो आणि मधोमध एक वर्तुळ दिसतं, त्यातून पाणी वाहतं. हे वर्तुळ आणि गर स्वच्छ, एका रंगाचे हवेत. तिथे नारिंगी, तांबूस किंवा तपकिरी ठिपके असतील तर आत सडण सुरू आहे. सुरी पुन्हा पुसा आणि एक-एक सेंटीमीटर कापत जा, डाग पूर्ण दिसेनासे होईपर्यंत. प्रत्येक कापानंतर पुसायचं, नाहीतर सुरीच रोग पुढे नेते. बहिणीच्या झाडात डाग नव्हते.

वरच्या तुकड्याचं एक छोटं काम राहतं, जे नवखे हमखास विसरतात. कापलेल्या बुडाला प्रत्येक धारेची बाहेरची कड तिरपी छाटायची, पेन्सिलीला टोक काढताना जसं उतरतं तशी, सेंटीमीटरभर. कारण सुकताना मधला मऊ गर आत ओढला जातो आणि बाहेरची कडक साल तशीच राहते. छाटलं नाही तर बुडाला वाटीसारखा खोलगा पडतो आणि मुळं, जी त्या मधल्या वर्तुळातून येतात, ती हवेत लटकत राहतात, मातीला टेकतच नाहीत.

बुंध्याच्या कापावर गंधकाची भुकटी भुरभुरवली. नसेल तर काही न लावताही चालतं, कोरडी हवा हेच खरं औषध. हळद, कोरफडीचा गर, मध असं काही ओलं मात्र लावू नका. जखम कोरडी व्हायला हवी आहे, ओली नाही.

तुकडा सुकवणं आणि लावणं

वरचा तुकडा रिकाम्या मातीच्या कुंडीत उभा ठेवला, शेंडा वर, बूड हवेशीर राहील असा, उजेडात पण थेट ऊन नाही अशा जागी. आडवा ठेवू नका. आडवा तुकडा काही आठवड्यांत उजेडाकडे वाकायला लागतो, आणि मुळंही कधी कधी बाजूने फुटतात. बोटाएवढ्या जाडीच्या तुकड्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, पाच-सहा सेंटीमीटरच्याला दोन ते तीन आठवडे, मनगटाहून जाड असेल तर महिना. दिवस मोजण्यापेक्षा बोटाने तपासा. काप टणक, कोरडा, खरखरीत लागला पाहिजे. जरा जरी चिकट किंवा थंड ओला लागला तर अजून थांबा. जास्त थांबल्याने काही बिघडत नाही, कमी थांबल्याने तुकडा सडतो.

मातीसाठी दोन भाग बारीक खडी किंवा चाळलेला विटांचा चुरा, एक भाग पोयट्याची माती, आणि मूठभर जुनं कुजलेलं शेणखत. नर्सरीच्या कुंडीतलं कोकोपीट वापरू नका, ते आपल्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. कुंडी तुकड्याच्या जाडीपेक्षा तीन-चार सेंटीमीटरच मोठी घ्या, तळाला भोक असलेली, शक्यतो मातीची.

तुकडा एक-दोन सेंटीमीटरच खोल बसवायचा. पडू नये म्हणून खोल गाडण्याचा मोह होतो, पण गाडलेला भाग सडायची शक्यता वाढते. त्यापेक्षा बाजूने तीन काड्या रोवून आधार द्या. माती कोरडीच ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी थोडं पाणी, कडेकडेने, आणि मग पुन्हा पूर्ण सुकू द्या. मुळं नसलेल्या तुकड्याला पाणी पिताच येत नाही, ते फक्त बुडाशी साचतं. तो जरा आक्रसेल, अंगावर सुरकुत्या दिसतील, ते चालतं. महिन्या-दीड महिन्याने अलगद वर ओढून बघा. मातीने धरून ठेवलं तर मुळं आली. मार्चच्या सुरुवातीला कापलेला तुकडा मेच्या मध्यापर्यंत रुजतो, म्हणजे पावसाच्या आधी.

तुकडा बुडाशी मऊ पडला, रंग तपकिरी-काळसर झाला किंवा वास आला, तर लगेच उपटून स्वच्छ भाग लागेपर्यंत वर कापा आणि सुकवण्यापासून पुन्हा सुरू करा. शेंड्याकडे पाच सेंटीमीटर जरी निरोगी उरलं तरी ते लागू शकतं.

मधली बारीक मान टाकून दिली तरी चालेल. तीही रुजते, पण दोन सेंटीमीटरच्या पायावर पुढे जाड झाड उभं करायचं म्हणजे तीच अडचण पुन्हा विकत घेण्यासारखं आहे.

खालच्या बुंध्याचं काय होतं

बुंधा आहे त्याच कुंडीत, आहे त्याच जागी राहतो. काप पूर्ण कोरडा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, पाणी नाही. मग नेहमीसारखं: माती पूर्ण सुकली की भरपूर, आणि पुन्हा सुकेपर्यंत काही नाही. शेंडा गेल्यामुळे आता वरच्या काही अरिओलमधून नवे कोंब फुटतात. उन्हाळ्यात ते एक ते तीन महिन्यांत दिसतात. काट्यांच्या गादीत आधी हिरवा फुगीर ठिपका येतो, मग गोटीएवढी गाठ, आणि मग छोटे काटे. बहिणीच्या झाडाला मेमध्ये तीन आले.

सगळे ठेवले तर झाड फांद्यांचं होतं, जे दिसायला छानच. पण बुंधा 18-20 सेंटीमीटरचाच असेल आणि तुम्हाला एकच सरळ खांब हवा असेल, तर सगळ्यात वरचा, जोमदार एक ठेवा आणि बाकीचे सुपारीएवढे असतानाच वळवून काढा. तो एक कोंब बाजूने फुटलेला असल्यामुळे सुरुवातीला कोपर काढल्यासारखा दिसतो आणि मग वर वळतो. कापाची खूण कायम दिसेल. कुंडी फिरवून ती बाजू भिंतीकडे ठेवता येते.

कोंब येतायत तोवर पाऊस सुरू होतो, आणि खरी परीक्षा इथेच आहे. कोवळे कोंब उजेडाशिवाय सगळ्यात आधी ताणतात. जूनपासून कुंडी बाल्कनीच्या अगदी कडेला, पण छपराखाली. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही माती आतपर्यंत कोरडी असेल तरच. बांबूची काडी खुपसून बाहेर काढली की कळतं. सलग आठवडाभर सूर्य दिसला नाही तर त्या फेरीत पाणी देऊच नका. खत ऑक्टोबरपर्यंत अजिबात नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी कोंबावरच्या दोन अरिओलमधलं अंतर खालच्या जुन्या खोडाशी ताडून पाहा. ते वाढायला लागलं की जागा बदला किंवा दिवा लावा. तेव्हा फक्त सेंटीमीटरभर बिघडलेलं असतं आणि पुढच्या वाढीत ते दिसेनासं होतं.

लंडन किंवा न्यू जर्सीसारख्या थंड ठिकाणच्या वाचकांना वेगळं वेळापत्रक लागेल. तिकडे ऑक्टोबर ते मार्च पाणी जवळजवळ बंद, कुंडी 8 ते 12 अंशांच्या थंड, उजेडाच्या खोलीत, हीटरपासून लांब. कापणं मे-जूनमध्ये, हवा उबदार झाल्यावर.